बाजूच्या फोटोवरून छपराचा उतार आणि पत्र्याचं माप

प्रश्न: आमचं रत्नागिरी जिल्ह्यातलं गावचं घर दुपाखी कौलारू आहे. कौलं काढून रंगीत पत्रा घालायचा आहे. मी ठाण्यात असतो. चुलत भावाने त्रिकोणी बाजूचा फोटो पाठवला आहे. मध्ये फणस येतो म्हणून थोडं उजवीकडे सरकून, साधारण ६० फुटांवरून काढलाय. भिंती बाहेरून २२ फूट रुंद, ३६ फूट लांब. वळचण भिंतीपासून अडीच फूट बाहेर, आणि त्रिकोणी बाजूंना छप्पर दीड-दीड फूट पुढे. एक फॅब्रिकेटर १२२० चौरस फूट सांगतो, दुसरा १३५०. छपरावर कोणी चढू शकत नाही. फोटोवरून उताराचा कोन काढून पत्रा किती लागेल हे ताडता येईल का?

उत्तर:

येईल, आणि तुमच्याकडे जी मापं आहेत तेवढ्यावर चांगलं येईल. फक्त फोटोकडून नेमकं काय घ्यायचं हे आधी ठरवू. फोटोतून फूट-इंच काढायचे नाहीत. फोटोतून एकच गोष्ट घ्यायची: छप्पर आडवं जितकं जातं त्याच्या मानाने वर किती चढतं, ते प्रमाण. फूट जमिनीवरच्या टेपचे घ्यायचे. या दोन कामांची सरमिसळ झाली, म्हणजे फोटोतल्या दारावरून किंवा खिडकीवरून घराची रुंदी ताडायला गेलं, की हिशोब भरकटतो. दार भिंतीत असतं, छपराची कड भिंतीच्या दीड फूट पुढे असते, आणि फोटोत जवळची वस्तू मोठी दिसते.

मूळ हिशोब सोपा आहे. आढ्यापासून वळचणीपर्यंतचं आडवं अंतर आणि तेवढ्यात झालेला चढ हे काटकोन त्रिकोणाचे दोन पाय, आणि पाखं म्हणजे त्याचा कर्ण. चढ भागिले आडवं अंतर हे प्रमाण मिळालं की पाख्याची लांबी अशी निघते:

```
गुणक = √(१ + प्रमाण²)
पाख्याची लांबी = आडवं अंतर × गुणक
```

एक्सेलमध्ये करणार असाल तर B1 मध्ये चढ, B2 मध्ये आडवं अंतर टाकून `=SQRT(1+(B1/B2)^2)`. अंशांत कोन काढायची गरज नाही, पण फॅब्रिकेटरशी बोलताना अंश सोयीचे पडतात म्हणून सांगतो: २० अंशाला गुणक १.०६४, २५ ला १.१०३, ३० ला १.१५५, ३५ ला १.२२१. मंगलोरी कौलांची आपल्याकडची घरं बहुतेक २५ ते ३५ च्या मध्ये सापडतात. तुमचं उत्तर १८ किंवा ४५ आलं तर पुढे जाण्याआधी फोटोवरचे बिंदू पुन्हा तपासा.

आता बिंदू कुठले घ्यायचे. छपराची जी कड त्रिकोणी भिंतीच्या पुढे आलेली आहे, त्या कडेचे तीन बिंदू: आढ्याचं टोक, डाव्या वळचणीचं टोक, उजव्या वळचणीचं टोक. तिन्ही एकाच उभ्या प्रतलात हवेत. नेहमी होणारा घोटाळा असा, की आढ्याचं टोक छपराच्या कडेवर घेतलं जातं आणि खालचे बिंदू भिंतीच्या कोपऱ्यावर, कारण भिंतीचा कोपरा फोटोत ठळक दिसतो आणि वळचणीचं टोक सावलीत असतं. मग एक बिंदू दीड फूट पुढचा आणि दोन मागचे, शिवाय वळचणीचे अडीच फूट हिशोबातून गायब. आढ्यावर बसवलेलं कोनाचं कौल वर उंच दिसतं, तेही सोडायचं. दोन्ही पाख्यांच्या वरच्या पृष्ठभागाच्या रेषा वर वाढवून जिथे मिळतात तो खरा वरचा बिंदू.

तुमचा फोटो मी संगणकावर साध्या पेंटमध्ये उघडला. कर्सर नेला की खाली पिक्सेल दिसतात, तेवढं पुरतं. आधी फोन डावीकडे-उजवीकडे कलला होता का ते पाहिलं. यासाठी वळचणीची दोन टोकं एका पातळीत आहेत का हे बघू नका. तुमच्या फोटोत उजवं टोक डाव्यापेक्षा सुमारे १७ पिक्सेल वर आहे, पण ते कलण्यामुळे नाही. भाऊ उजवीकडे उभा होता, त्यामुळे उजवी वळचण त्याला जवळ होती, आणि डोळ्यांच्या वरची वस्तू जवळ आली की फोटोत आणखी वर जाते. हे न ओळखता कुणी फोटो फिरवून ती रेघ आडवी केली तर नसलेला दोष दुरुस्त होतो आणि खरा कोन बिघडतो. तपासायची ती भिंतीची उभी कड. गवंड्याने ओळंबा लावून चढवलेली भिंत हाच तुमच्याकडचा सगळ्यात भरवशाचा ओळंबा आहे. तुमच्या फोटोत भिंतीच्या दोन्ही कडा उभ्या आणि एकमेकींना समांतर दिसतात, म्हणजे फोन कललेलाही नाही आणि वर रोखलेलाही नाही. भावाने फोटो चांगला काढलाय.

मग वळचणीची दोन टोकं जोडणारी रेघ मारली आणि आढ्याच्या बिंदूतून तिच्यावर सरळ उभी रेघ सोडली. या उभ्या रेघेची लांबी ३७७ पिक्सेल. तो चढ. ती रेघ जिथे पडते तिथून डावं टोक आडवं ५९३ पिक्सेल, उजवं ६६७. चढ असा मधोमध मोजण्याला कारण आहे. डाव्या पाख्याचा चढ वेगळा आणि उजव्याचा वेगळा मोजला तर दोन वेगळे कोन येतात, डावा जास्त आणि उजवा कमी, आणि मग माणूस समजतो की घरच वाकडं आहे. आढ्याच्या बरोबर खाली मोजलं की चढ आढ्याच्याच अंतरावरचा मिळतो, जवळ-दूरचा प्रश्न त्यातून निघून जातो. दोन आडव्या अंतरांची सरासरी घ्यायची: ५९३ आणि ६६७ ची ६३०. काटेकोर गणित करणारा हरात्मक सरासरी घेईल, ती ६२८ येते. दोन पिक्सेलने इथे काही बिघडत नाही.

३७७ भागिले ६३० म्हणजे ०.५९८. कोन जवळपास ३१ अंश. हा फोटोतला कोन, घराचा अजून नाही.

घर दुपाखी आणि आढं मधोमध असेल तर दोन्ही अर्ध्या बाजू सारख्या दिसायला हव्यात. इथे उजवी बाजू डाव्यापेक्षा साडेबारा टक्के मोठी आहे. हा फरकच फोटो किती तिरका आहे ते सांगतो. तिरक्या फोटोत घराची रुंदी आक्रसते, उंची मात्र आक्रसत नाही, म्हणून छप्पर आहे त्यापेक्षा उभं दिसतं. दुरुस्ती अशी करता येते:

```
साइन(तिरकेपणा) = (फोटोचं अंतर ÷ अर्धी रुंदी) × (दोन बाजूंतला फरक ÷ दोन बाजूंची बेरीज)
खरं प्रमाण = फोटोतलं प्रमाण × कोसाइन(तिरकेपणा)
```

अर्धी रुंदी म्हणजे वळचण ते वळचण रुंदीच्या अर्धी. तुमची रुंदी २२ अधिक दोन्हीकडचे अडीच, म्हणजे २७ फूट, अर्धी साडेतेरा. ६० भागिले १३.५ म्हणजे ४.४४. फरक ७४, बेरीज १२६०, भागाकार ०.०५८७. गुणाकार ०.२६१, म्हणजे फोटो साधारण १५ अंश तिरका आहे. त्याचं कोसाइन ०.९६५. आता ०.५९८ गुणिले ०.९६५ म्हणजे ०.५७७, आणि हे बरोबर ३० अंशांचं प्रमाण आहे. तुमच्या छपराचा उतार ३० अंश, गुणक १.१५५.

भावाने ६० फूट पावलांनी मोजले असतील आणि प्रत्यक्षात ते ५५ असतील, तरी कोसाइन ०.९७१ येतं. म्हणजे कोनात पाव अंशाचाही फरक पडत नाही. म्हणून त्या अंतरासाठी त्याला पुन्हा टेप धरायला लावू नका.

खरं तर ही पूर्ण दुरुस्ती केली नसती तरी किती बिघडलं असतं ते बघा. न सुधारलेल्या ०.५९८ ला गुणक १.१६५ येतो. १.१५५ आणि १.१६५ मध्ये एक टक्क्याहून कमी फरक आहे. पाख्याच्या लांबीत तो दोन इंचांहूनही कमी भरतो. तीसच्या आसपास एक अंश चुकला की क्षेत्रफळ एका टक्क्याने चुकतं. १५ अंशांच्या सपाट शेडला तोच एक अंश जेमतेम अर्धा टक्का, ४५ अंशांच्या उभ्या छपराला पावणेदोन टक्के. म्हणून कौलारू घराचा कोन अर्ध्या अंशापर्यंत अचूक काढत बसण्याची गरज नसते. फोटोकडून एवढी अपेक्षा ठेवली की तो काम चोख करतो.

तिरकेपणापेक्षा मला भीती वाटते ती वर रोखलेल्या फोनची. अंगण लहान असतं, मागे कुंपण किंवा गडगा असतो, मग माणूस वीस फुटांवर उभा राहून आढं चौकटीत यावं म्हणून फोन वर करतो. अशा फोटोत भिंतीच्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि चढ आखूड होतो. तुमच्याच घराचा फोटो २० फुटांवरून, फोन १५ अंश वर करून काढला असता, तर ३० अंशांचा उतार साडेसत्तावीस दिसला असता आणि पाखं चार इंचांनी आखूड निघालं असतं. पत्रा दोन इंच जास्त आला तर तो पन्हळीत थोडा अधिक उतरतो, बस. चार इंच कमी आला तर आढ्याजवळ उघडी फट राहते, टोपीपत्रा तिला झाकायला पुरत नाही आणि कोकणातल्या पावसात वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. तिरका फोटो माप वाढवतो, वर रोखलेला फोटो माप घटवतो. दोन्ही एकाच फोटोत असले तर ते एकमेकांना झाकतात आणि आकडा योगायोगाने बरोबर दिसतो, त्यावर विसंबू नये. दुसरा फोटो मागवायची वेळ आली तर भावाला सांगा: जमेल तितकं लांब जा, फोन सरळ उभा धर, आणि जवळ जाण्याऐवजी दुप्पट झूम कर. ०.५ ची रुंद लेन्स तर अजिबात नको. तिच्यात चौकटीच्या कडेच्या सरळ रेषा वाकतात, आणि वळचणीची टोकं नेमकी तिथेच येतात.

आता टेपची बाजू. खरं नुकसान इथे होतं. घराचं माप विचारलं की घरचा माणूस भिंतीचं सांगतो, २२ बाय ३६. त्याच मापावर गुणक लावला तर ७९२ गुणिले १.१५५, म्हणजे ९१५ चौरस फूट. पण छप्पर भिंतीवर संपत नाही. वळचणी धरून रुंदी २७ आणि त्रिकोणी बाजूंचे दीड-दीड फूट धरून लांबी ३९. जमिनीवर पडणारी छपराची सावली १०५३ चौरस फूट, आणि गुणक लावून १२१६. ९१५ आणि १२१६ मध्ये पाव भागाचा फरक आहे. कोनाची कुठलीही चूक एवढी मोठी होत नाही. म्हणून भावाचा एक तास खर्च करायचा असेल तर तो नव्या फोटोवर करू नका, वळचणीचं टोक जमिनीवर उतरवण्यावर करा. दोरीला वजन बांधून कौलाच्या टोकाला लावायचं, ओळंबा स्थिर झाला की खाली खूण करायची, आणि भिंतीपासून खुणेपर्यंत मोजायचं. चारही कोपऱ्यांवर करा, कारण जुन्या घरांत वळचण सगळीकडे सारखी बाहेर नसते. अंगणात पागोळ्यांनी पाडलेली खळग्यांची रेघ दिसत असेल तर ती अंदाजाला चांगली, पण माप तिच्यावरून घेऊ नका. जोराच्या पावसात पाणी कौलाच्या टोकावरून पुढे उडतं, त्यामुळे ती रेघ काही इंच बाहेर पडलेली असते.

दोन्ही पाखी मिळून क्षेत्रफळ काढताना सावलीच्या पूर्ण क्षेत्रफळाला एकदाच गुणक लावायचा. अर्ध्या रुंदीवरून एका पाख्याचं काढलं असेल तर त्याची दुप्पट करायची. दोन पाखी म्हणून गुणक दोनदा लावलेले हिशोबही पाहायला मिळतात. तसं केलं तर तुमचा आकडा १४०० च्या वर जातो.

हे १२१६ बरोबर आहे का, हे छपरावर न चढता तपासायचा एक मार्ग आहे आणि तो फोटोपासून पूर्ण स्वतंत्र आहे. माळ्यावरून किंवा पडवीतून वर बघितलं की वाशांवर ठोकलेल्या रिपा दिसतात. कौलांच्या प्रत्येक ओळीला एक रीप असते. भावाला एका पाख्याच्या रिपांमधली अंतरं वरपासून खालपर्यंत मोजायला सांगा आणि हाताला येतात तिथल्या चार-पाच अंतरांचं माप टेपने घेऊन सरासरी काढायला सांगा. समजा १५ अंतरं आणि प्रत्येकी सव्वाबारा इंच निघाले, तर १५ फूट ४ इंच झाले. आढ्यापासून पहिल्या रिपेपर्यंत आणि शेवटच्या रिपेपासून कौलाच्या टोकापर्यंत मिळून तीन-चार इंच धरले की १५ फूट ७-८ इंच. फोटोवरून आपलं पाखं १३.५ गुणिले १.१५५, म्हणजे १५ फूट ७ इंच आहे. असं जुळलं तर निर्धास्त राहा. सहा इंचांहून जास्त फरक आला तर मी रिपांवर विश्वास ठेवेन आणि वळचणीचं माप पुन्हा घेईन, कारण चूक बहुतेक तिथेच सापडते.

तुमच्या फोटोत पाखं आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसरळ आहे, म्हणून एका प्रमाणात काम झालं. पुष्कळ घरांत पडवीचं छप्पर पुढून जोडलेलं असतं आणि तिथे उतार मोडतो, खालचा भाग सपाट होतो. तिथे मोडाचा बिंदू चौथा बिंदू म्हणून घ्यायचा आणि दोन तुकड्यांचं आडवं अंतर, प्रमाण आणि गुणक वेगवेगळे काढायचे. आढ्यापासून पडवीच्या टोकापर्यंत थेट रेघ ओढून एकच कोन काढला तर दोन्ही पत्र्यांच्या लांब्या चुकतात, आणि मोडाजवळ एकावर एक घ्यायला लागणारा भागही हिशोबातून सुटतो. चौपाखी घराला चारही उतार सारखे असतील तर सावली गुणिले गुणक हे सूत्र जसंच्या तसं चालतं, पण कोनवाशांवर पत्रा तिरका कापावा लागतो आणि वाया जाणारे तुकडे बरेच निघतात. तिथे निव्वळ क्षेत्रफळावरून खरेदी ठरवू नये.

आता तुमच्या दोन फॅब्रिकेटरांकडे येऊ. पत्रा क्षेत्रफळाने विकत मिळत नाही, तो नगाने आणि लांबीने मिळतो. रंगीत पत्र्याची एकूण रुंदी आणि प्रत्यक्ष झाकणारी रुंदी वेगळी असते, कारण शेजारचा पत्रा कडेच्या नळीवर चढतो. ही मापं कंपनीगणिक थोडी बदलतात. मी १.०७ मीटर एकूण आणि १ मीटर झाकणारी धरतो, तुम्ही विक्रेत्याकडून नेमकी विचारून घ्या. तुमच्या छपराची लांबी ३९ फूट, म्हणजे ११.८९ मीटर. एका पाख्याला १२ पत्रे, दोन्हीला २४.

लांबी अशी ठरते. पाखं १५ फूट ७ इंच. आढ्यावर दोन्हीकडचे पत्रे एकमेकांना टेकवत नाहीत, टोपीपत्र्याखाली थोडी जागा सोडतात, त्यामुळे साधारण दोन इंच कमी. खाली पन्हळीत पाणी नीट पडावं म्हणून तीन इंच जास्त. झाले १५ फूट ८ इंच. हिशोबाला १६ फूट धरायचे. पावसाळी भागात एका पाख्याला वरपासून खालपर्यंत एकच अखंड पत्रा घ्यावा, मध्ये आडवा सांधा नको. रंगीत पत्रा हव्या त्या लांबीत कापून मिळतो, त्यामुळे ते शक्य असतं. ठरावीक लांबीचा जीसी पत्रा घेतला आणि मध्ये सांधा आला, तर किमान सहा इंच एकावर एक घ्यावे लागतात आणि क्षेत्रफळ आणखी वाढतं.

२४ पत्रे, १६ फूट लांब, ३.५१ फूट रुंद. गुणाकार १३४८ चौरस फूट.

म्हणजे तुमचे दोघेही फॅब्रिकेटर बहुधा एकच छप्पर बरोबर मोजतायत. पहिल्याचे १२२० हे झाकलेलं क्षेत्रफळ आहे, दुसऱ्याचे १३५० हे विकत आणायच्या पत्र्याचं. दोघांच्या प्रति चौरस फूट दरांची थेट तुलना केलीत तर चुकीचा माणूस स्वस्त वाटेल. पहिल्याला विचारा, दर लागलेल्या छपरावर आहे की आणलेल्या पत्र्यावर, आणि शेवटचं बिल कशावर होणार. टोपीपत्रा, पन्हळ आणि त्रिकोणी कडेची पट्टी त्यात धरली आहे का, हेही विचारा. हे तीन प्रकार चौरस फुटांत बसत नाहीत, धावत्या फुटांवर मोजले जातात. टोपीपत्रा ३९ फूट आणि सांध्यांचा वाढावा, पन्हळ दोन्ही बाजू मिळून ७८ फूट, कडेची पट्टी चार तिरक्या कडांची मिळून साधारण ६३ फूट.

नगांचा हिशोब टप्प्याटप्प्याने उड्या मारतो, हे लक्षात ठेवून लांबीचं माप घ्या. १२ पत्रे मिळून १२.०७ मीटर झाकतात. छपराची लांबी ३९ ऐवजी ४० फूट निघाली, तर ते १२.१९ मीटर होतात आणि प्रत्येक पाख्याला तेरावा पत्रा लागतो. एका फुटासाठी १६ फुटांचे दोन पत्रे वाढले. अशा वेळी त्रिकोणी कडेला छप्पर दीड फुटाऐवजी सव्वा फूट पुढे ठेवलं तर चालतं, कडेची पट्टी नीट वाकवून लावली की झालं. वळचणीचे अडीच फूट मात्र कमी करू नका. भिंतींवर झड येऊ नये म्हणून ते ठेवलेले असतात, आणि चिऱ्याच्या भिंतीला ते लागतात.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण हिशोब तिच्यावर उभा आहे. जुने वासे ठेवून त्यावर पत्रा घालणार आहात, की लोखंडी पाइपांचा नवा सांगाडा करणार आहात? नवा सांगाडा करणार असाल तर जुन्या कौलांचा ३० अंशांचा उतार कायम राहीलच असं नाही. पत्रा कौलांपेक्षा कमी उतारावरही चालतो, आणि फॅब्रिकेटर माल वाचवायला २० अंश सुचवू शकतो. मग गुणक १.०६४, क्षेत्रफळ ११२० आणि पाखं १४ फूट ४ इंच. वरवर बचत दिसते. पण आढं जवळपास तीन फुटांनी खाली येतं, माळ्याची उंची जाते, आणि उन्हाळ्यात तापलेला पत्रा डोक्याच्या तितका जवळ येतो. रत्नागिरीच्या पावसात पाणी जितक्या लवकर उतरेल तितकं सांध्यांना बरं. मी तुमच्या जागी असतो तर ३० च ठेवले असते. कुठलाही उतार ठरवा, पण तो अंदाजपत्रकात आकड्याने लिहून घ्या.

आणि पत्रे कापायची मागणी फोटोवरून देऊ नका. फोटोवरचा हिशोब खर्च ठरवायला आणि दोन अंदाजपत्रकं तपासायला पुरेसा आहे. पत्रा एकदा आखूड कापला की तो वाढवता येत नाही. नवा सांगाडा उभा राहिला किंवा जुन्या वाशांवरची कौलं उतरली, की दोन्ही पाख्यांची लांबी आढ्यापासून टोकापर्यंत टेप ताणून दोन्ही कडांना आणि मध्ये घ्यायला लावा. जुन्या घरात आढं मध्ये थोडं बसलेलं असतं, त्यामुळे कडेचं आणि मधलं माप वेगळं येऊ शकतं. सगळ्यात मोठं माप धरून मागणी द्या.